गणपती पार्किंगमध्ये, आवाज कुंपणाच्या आत : सोसायटीच्या समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,



यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा आहेत. चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 25 तारखेला. गेल्या वर्षी मी लेखी तक्रार दिली तेव्हा मंडप उभा राहिला होता, साउंडवाल्याला ॲडव्हान्स पोचला होता आणि "काका, आता ऐनवेळी काय करणार, दहाच दिवस आहेत" हे उत्तर मिळालं. ऐनवेळी खरंच काही करता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून या वेळी आधीच लिहितो आहे. उघड पत्र लिहायचं कारण एवढंच की हा एकट्या आपल्या सोसायटीचा प्रश्न नाही. पाइपलाइन रोडपासून गुलमोहर रोडपर्यंत सावेडीतल्या बहुतेक अपार्टमेंटांत गणपती पार्किंगमध्येच बसतो, बॉक्स तिथेच खांबांच्या मधे लागतात, आणि रात्री त्याच तक्रारी होऊन त्याच पद्धतीने मिटवल्या जातात. आपल्याकडे तोडगा निघाला, तर शेजारच्यांना तो उचलता येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गणपती बंद करा म्हणत नाही, आरतीचा माइकसुद्धा बंद करा म्हणत नाही. माझी तक्रार पार्किंगमधल्या साउंड सिस्टिमच्या पातळीबद्दल आणि वेळेबद्दल आहे, आणि ती समितीकडे आहे, मंडळाच्या पोरांकडे नाही. पोरं उत्साहाने करतात. पण पार्किंग सोसायटीचं, वीज कॉमन मीटरची, मंडपाला आणि साउंडला दिलेले पैसे सोसायटीच्या खात्यातून गेलेले. म्हणजे कागदावर आयोजक समितीच आहे. "ते मंडळाचं आहे, आमच्या हातात नाही" हे उत्तर यापुढे देऊ नये, ही विनंती.

नोकरीची सगळी वर्षं मी नागापूर एमआयडीसीत काढली, त्यातली शेवटची सुरक्षा विभागात. प्रेस शॉपमध्ये आवाज मोजणं हे माझ्या कामाचा भाग होतं. कारखान्यात कामगाराच्या कानावर आठ तासांत सरासरी 90 डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडू द्यायचा नाही, हा नियम आम्ही भिंतीवर लावला होता. त्या सवयीचा एक हातातला मीटर माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी सत्यनारायणाच्या रात्री नऊच्या सुमारास तो घेऊन मी आवारात फिरलो. पुढचे आकडे त्या रात्रीचे आहेत. ते कुणावर ठपका ठेवण्यासाठी नाहीत, पण त्यांच्याशिवाय "जरा जास्त होतं" आणि "एवढं काही नव्हतं" यांतच आपण अडकून पडू.

बी विंगच्या मागच्या कुंपणाशी, भिंतीपासून थोडं दूर, छातीच्या उंचीवर मीटर धरला तेव्हा गाणी चालू असताना सरासरी 78 आली. मधे प्रसादासाठी आवाज बंद झाला, तेव्हा त्याच जागी 52 होती. हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. रस्त्याच्या बाजूला वाहनांचाच आवाज इतका असतो की तिथे मोजून काही सिद्ध होत नाही. साउंड चालू असताना आणि बंद असताना यांत दोन-तीन डेसिबलचाच फरक असेल, तर आवाज कुणाचा हे सांगता येत नाही. फरक दहाच्या पुढे गेला की बाकीच्या आवाजांचा हिशेब सोडून दिला तरी चालतो. आपल्याकडे तो 26 होता. म्हणजे 78 हे संपूर्णपणे आपल्याच बॉक्सचं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे एक गैरसमज सर्वांच्या डोक्यात पक्का बसला आहे. साउंडवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे म्हणतात, "75 पर्यंत चालतं." केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत 75 हा आकडा आहे, पण तो सार्वजनिक जागेसाठी आहे आणि तोही अर्धाच वाचला जातो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांतलं जे कमी असेल ते. रहिवासी भागाची ठरलेली पातळी दिवसा 55 आणि रात्री 45. म्हणजे रहिवासी भागातल्या रस्त्यावरच्या मंडळालासुद्धा दिवसा 65 मिळतात, 75 नाही. आपलं पार्किंग तर खासगी जागा. खासगी जागेत लावलेल्या सिस्टिमचा आवाज जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा 5 च्या वर जाता कामा नये. म्हणजे कुंपणाशी 60. सकाळी सहा ते रात्री दहा हा नियमातला दिवस, त्यानंतर रात्र.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर, वाद्य किंवा ध्वनिवर्धक वाजवायला सभागृहासारखी बंदिस्त जागा लागते. तीन बाजूंनी उघडं पार्किंग बंदिस्त धरलं जात नाही. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस दहाऐवजी बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. जो दिवस त्या यादीत नाही, त्या दिवशी दहा म्हणजे दहा. सवलत आहे ती वेळेची. त्या दिवशी पातळीचं बंधन उठत नाही. शिवाय लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. आपल्या भागासाठी तो अर्ज तोफखाना पोलीस ठाण्यात द्यायचा. आपल्या फाइलमध्ये गेल्या वर्षीचा असा अर्ज मला दिसला नाही. असेल तर दाखवावा, मी हे वाक्य मागे घेईन.

तर 78 आणि 60. ऐकायला अठराचा फरक म्हणजे थोडाच वाटतो. पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसतो. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. 18 डेसिबल म्हणजे शक्ती साठपटीहून जास्त. हे कळलं की गेल्या वर्षी समितीने सुचवलेला तोडगा का चालला नाही तेही कळतं. आपण म्हणालात, "चारऐवजी दोनच बॉक्स लावू." बॉक्स निम्मे केले की शक्ती निम्मी होते, आणि निम्मी शक्ती म्हणजे फक्त 3 डेसिबल कमी. 78 चे 75. कानाला फरक जेमतेम जाणवतो, आणि साउंडवाला नॉब किंचित फिरवून तो भरून काढतो. समितीने तडजोड केली, पोरांनी मान दिला, आणि बी विंगच्या आजींना काहीच फरक पडला नाही. यात कुणाचीही लबाडी नव्हती. हिशेबच चुकीचा होता.

दुसरी अडचण पार्किंगची आहे. मोकळ्या मैदानात बॉक्सपासून अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्टिल्टच्या पार्किंगमध्ये वर स्लॅब, खाली फरशी, मागे लिफ्टची भिंत. आवाज त्यांच्यावर आपटत राहतो आणि अंतराबरोबर फारसा उतरत नाही. आपले बॉक्स गेल्या वर्षी लिफ्टच्या भिंतीला पाठ करून, तोंड बी विंगकडे ठेवून लावले होते. म्हणजे पार्किंगचा भोंगा झाला आणि त्याचं तोंड मागच्या घरांवर आलं.

तिसरी गोष्ट बेसची. माझ्या मीटरवर दोन खटके आहेत, ए आणि सी. नियमांतले सगळे आकडे ए वर मोजायचे. ए हा खटका माणसाच्या कानासारखा खालच्या सुरांना कमी धरतो, इतका कमी की 63 हर्ट्‌झच्या बेसमधून तो सुमारे 26 डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. सी जवळपास आहे तसं दाखवतो. त्या रात्री कुंपणाशी ए वर 78 होतं तेव्हा सी वर 92 होतं. हे 14 चं अंतर म्हणजे आपल्या तक्रारीचा मोठा भाग बेस बिनमधून येतो आहे, याची खूण. खिडक्यांच्या काचा, गॅलरीतले पत्रे, कपाटाची दारं थरथरतात ती यामुळेच. 50 हर्ट्‌झच्या लाटेची लांबी जवळजवळ 7 मीटर असते. तिला खांब, दार, खिडकी अडवू शकत नाहीत. काच लावली की गाण्यातले शब्द बंद होतात, धडधड आत येते. "खिडकी लावून घ्या ना" हा सल्ला देणाऱ्याने एक रात्र दुसऱ्या मजल्यावर बी विंगमध्ये झोपून पाहावं.

यातून एक चांगली गोष्टही निघते. आरतीला, भजनाला, बक्षीस समारंभाच्या भाषणाला त्या खोल बेसची गरजच नाही. शब्द समजतात ते साधारण 500 ते 4000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात. पुरुषाचा सगळ्यात खालचा आवाजसुद्धा 80-90 हर्ट्‌झच्या खाली फारसा जात नाही. तेव्हा बेस बिन आणलीच नाहीत आणि मिक्सरवर 100 हर्ट्‌झच्या खालचं कापून टाकलं, तर आरतीत कुणाला काही कमी झालेलं कळणार नाही. कमी होईल फक्त रिमिक्सवरचा ठोका. मुलांचा विरोध इथेच होईल, आणि त्यावर बोलायची माझी तयारी आहे.

आता तोडगा. मी समितीला तीन बदल सुचवतो, आणि ते या क्रमाने केले तरच उपयोग आहे.

पहिला बदल मांडणीचा. आज पुढच्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना ऐकू जावं म्हणून एकाच ठिकाणचे बॉक्स मोठ्याने वाजतात. शेवटच्या खुर्चीचं अंतर बॉक्सपासून सुमारे 12 मीटर आहे. त्याऐवजी छोटे कॉलम स्पीकर खांबांना, डोक्याच्या थोडं वर, खुर्च्यांकडे तोंड करून लावले, तर प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या स्पीकरपासून 3 मीटरवर येतो. 12 चे 6, 6 चे 3, म्हणजे अंतर दोनदा निम्मं झालं. मोकळ्यावर यात 12 डेसिबल वाचतात, म्हणजे तेवढ्याच ऐकू येणाऱ्या आवाजासाठी स्पीकर 12 ने हळू वाजवता येतो. आपल्या पार्किंगमध्ये स्लॅबमुळे आणि स्पीकर जास्त असल्यामुळे पूर्ण 12 मिळणार नाहीत. 6 मिळाले तरी मी समाधानी आहे. तोंड आतल्या बाजूला वळवल्याचा फायदा वेगळा, आणि मागच्या बाजूला मंडपवाल्याकडून जाड कापडाचे दोन पदर सोडले तर शब्दांचा आवाज थोडा आणखी दबेल. कापडाने बेस दबत नाही, हे लक्षात ठेवावं. त्यासाठी बेस बिन न आणणं हाच उपाय.

दुसरा बदल चाचणीचा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सिस्टिम लागली की अर्धा तास ठेवावा. मंडळाने त्यांचं सगळ्यात जोरकस गाणं निवडावं, भजन नको. कारण मिक्सरचा नॉब तोच असला, तरी आजकालची गाणी भजनापेक्षा सरासरी बरीच मोठी वाजतात. भजनावर पातळी ठरवली आणि नंतर रिमिक्स लावलं की आकडा आपोआप वर जातो. एक जण मिक्सरवर, एक जण मीटर घेऊन बी विंगच्या मागच्या कुंपणाशी. काही मिनिटांची सरासरी 60 वर आली की थांबायचं. तिथे नॉबवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करायची आणि साउंडवाल्याच्या क्रॉसओव्हरमध्ये किंवा डीएसपीत लिमिटर असतो तो त्या पातळीला लावून त्याचा कोड सचिवांकडे ठेवायचा. लिमिटर लागला की कुणी नॉब पूर्ण फिरवला तरी आवाज त्या पातळीवर अडतो. नगरमधल्या बहुतेक साउंडवाल्यांकडे हे उपकरण असतंच. ते आवाजासाठी नाही, बॉक्सचं कॉइल जळू नये म्हणून वापरतात.

खूण आणि लिमिटर दोन्ही का हवेत, हे सांगतो. मिक्सरवर बसलेला मुलगा मुद्दाम आवाज वाढवतो असं नाही. तासभर मोठ्या आवाजाजवळ बसलं की कान तात्पुरते मंदावतात, दडे बसतात, आणि त्याला तोच आवाज कमी वाटायला लागतो. मग तो थोडा वाढवतो. पुन्हा तासाने पुन्हा थोडा. सातला ठीक असलेली पातळी साडेनऊला कुठच्या कुठे गेलेली असते, आणि तो मनापासून सांगतो, "काका, हातपण लावला नाही." प्रेस शॉपमध्ये मी हे कामगारांच्या कानांवर तपासलं आहे. पाळी संपल्यावर त्यांना कमी ऐकू येतं आणि सकाळी पुन्हा ठीक होतं. रोज तेच होत राहिलं तर एक दिवस ते ठीक होत नाही.

फोनवरच्या ॲपने हे मोजता येईल का, असं गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं. ढोबळ अंदाजाला चालेल. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खोल बेस तो धड पकडत नाही आणि खूप मोठ्या आवाजाला दबून जातो. दोन फोन शेजारी ठेवले तर पाच-सहाचा फरक सहज पडतो. चाचणीच्या दिवशी आपला फोन माझ्या मीटरशेजारी धरून फरक लिहून ठेवला, तर पुढचे सगळे दिवस त्या फोनवर लक्ष ठेवता येईल. माझ्या मीटरचंही तेच. तो आपल्या आपसातल्या कामाला ठीक आहे. कायद्याच्या कामाला पोलिसांच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणित मीटरचंच मोजमाप चालतं.

तिसरा बदल वेळेचा आणि जबाबदारीचा. आरती सकाळी आणि संध्याकाळी. माइक असलेले कार्यक्रम संध्याकाळी सात ते साडेनऊ. साडेनऊला शेवटची घोषणा, पावणेदहाला सिस्टिमचा मेन स्विच बंद. ही पंधरा मिनिटं मी मुद्दाम मागतो आहे. दहाला बंद करायचं ठरलं की "एकच गाणं" सव्वादहापर्यंत जातं. दुपारी दोन ते पाच स्पीकर पूर्ण बंद. आपल्याकडे एमआयडीसीत रात्रपाळी करणारी माणसं आहेत, त्यांची रात्र तेव्हा असते. आणि समितीतल्या एका सदस्याचं नाव रोजचं जबाबदार म्हणून फलकावर. तक्रार त्याच्या फोनवर जाईल, ग्रुपवर नाही.

ग्रुपवर नाही, हे मी ठासून सांगतो. गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. त्यांच्या घरी आजारी माणूस होतं. त्यावर जे टोमणे आले ते वाचून दुसऱ्या कुणाची लिहायची हिंमत झाली नाही, आणि समितीने त्याचा अर्थ "एकच तक्रार आली" असा काढला. मुंबई उच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2025 रोजी दिलेला निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांची संघटना आणि तिथल्या गृहनिर्माण संस्थांचा संघ प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांबद्दल न्यायालयात गेले होते. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं सांगितलं. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारू नये आणि कळली तर ती पुढच्या पक्षाला सांगू नये, असंही सांगितलं. कारवाईच्या पायऱ्याही घालून दिल्या : आधी समज, नंतर दंड, मग यंत्रणा जप्त. आणि आवाजाची पातळी यंत्रातच बांधून टाकता येईल अशी व्यवस्था करायला सरकारला सुचवलं. मी मागतो आहे तो लिमिटर हाच. जे न्यायालय पोलिसांना सांगतं, ते समितीने आपल्या सभासदांसाठी आपणहून करायला काय हरकत आहे?

आता दोन आक्षेप, जे येणार हे मला ठाऊक आहे.

पहिला : "मग डीजेऐवजी ढोल आणू, तो आपला पारंपरिक आहे." ढोल-ताशा मला आवडतो. माळीवाड्याच्या विशाल गणपतीची मिरवणूक पाहायला मी अजून जातो. पण पार्किंगमध्ये स्लॅबखाली ढोल हा उपाय नाही. ढोलाला नॉब नसतो, आणि नियमांत वाद्यंही येतात. विसर्जनाच्या दिवशी गेटबाहेर, दिवसाउजेडी, लेझीम किंवा छोटं पथक ठेवा. पार्किंगच्या आत नको.

दुसरा : "दहा दिवस सहन करा, वर्षभर शांतताच असते." वर्षभर शांतता असते, कारण समितीने ती राखली आहे. कुणी फ्लॅटचं काम काढलं की आपण त्याला आधी अर्ज करायला लावता, ड्रिल आणि टाइल कटरला सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा एवढीच वेळ देता, रविवारी बंद ठेवता आणि अनामत घेता. चौथ्या मजल्यावरच्या सभासदाने रात्री आठला ब्रेकर चालवला तेव्हा आपण स्वतः वर जाऊन तो बंद केला होता. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. तो सभासद घर दुरुस्त करत होता, मजा म्हणून आवाज करत नव्हता. त्याला जो नियम, तोच सोसायटीच्या स्वतःच्या कार्यक्रमाला का नको? सहन करायचं झालं तर यंदा बॉक्सची तोंडं ए विंगकडे, समितीच्या सदस्यांच्या घरांकडे वळवून बघू, असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही.

उपविधींत शेजाऱ्यांना त्रास होईल असं काही करू नये, तक्रार आली किंवा नाही आली तरी समितीला त्यात लक्ष घालता येतं, आणि भंग करणाऱ्याला नोटीस देऊन, म्हणणं ऐकून, सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड करता येतो, हे सगळं आहे. मी दंडाचा आग्रह धरत नाही. इथे दंड करणार कुणाला, सोसायटी स्वतःलाच? त्यापेक्षा साउंडवाल्याशी जो व्यवहार होतो तो कागदावर आणावा. ऑर्डरच्या पावतीवर चार ओळी पुरेत : बेस बिन आणायची नाहीत, स्पीकर खांबांवर लावायचे, लिमिटर ठरलेल्या पातळीला बांधून कोड सचिवांना द्यायचा, पावणेदहाला बंद. आणि ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा विसर्जनानंतर, या चारही गोष्टी पाळल्या गेल्या असतील तरच. साउंडवाल्याला यात राग यायचं कारण नाही. त्याचे बॉक्स कमी जळतील, वाहतूक कमी लागेल, आणि "आवाज वाढव" म्हणणाऱ्या पोरांना दाखवायला त्याच्या हातात कागद असेल.

या सगळ्याने आवाज 60 वर येईलच, अशी खात्री मी देत नाही. मांडणीतून 6, बेस काढल्याने ए वर दोन-तीन, आणि उरलेलं नॉब खाली आणून. शेवटच्या रात्री कुणीतरी पाहुणा डीजे घेऊन येईल, त्याला मिक्सरला हात लावू न देणं हीच खरी परीक्षा असेल. चाचणीत 63-64 च्या खाली आवाज जातच नाही असं दिसलं, तर आपण बसून गाण्यांचे कार्यक्रम शेजारच्या मंगल कार्यालयाच्या बंद हॉलमध्ये नेता येतील का ते पाहू. पार्किंगमध्ये मग फक्त आरती आणि माइकवरची घोषणा राहील.

माझी विनंती अशी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समितीने बैठक घ्यावी, मंडळातल्या मुलांपैकी दोघांना बोलवावं, आणि साउंडवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी वरच्या तीन बदलांचा ठराव करावा. तोफखान्यातला परवानगीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि सरकार सवलतीचे दिवस जाहीर करेल ती यादी फलकावर लावावी. या पत्राचं उत्तर मला ग्रुपवर नको, बैठकीच्या इतिवृत्तात हवं आहे. 13 सप्टेंबरच्या संध्याकाळी मीटर घेऊन मी बी विंगच्या मागच्या कुंपणाशी उभा असेन. मिक्सरवर बसायला मंडळाने त्यांचा सगळ्यात उत्साही मुलगा पाठवावा.

आपला,
बी विंगमधला एक सभासद
सावेडी, अहिल्यानगर